फोन सापडतो तेव्हा जाग येते

स्वप्नाची तक्रार घेऊन माझ्याकडे थेट कोणी येत नाही. झोप पूर्ण होत नाही, दिवसभर डोकं जड राहतं, घरच्यांवर खेकसायला होतं, अशा वाटेने माणसं येतात. स्वप्नाचा विषय निघतो तो उठता उठता, पर्स खांद्याला लावताना. या ताईंचंही तसंच झालं. त्यांना अर्धशिशीचा जुना त्रास, त्यात पहाटे साडेचारला दचकून जाग यायची आणि मग झोप नाही. खुर्चीवरून उठताना म्हणाल्या, "आणि मॅडम, रोज एकच स्वप्न पडतं. फोन हरवल्याचं. हसू येईल तुम्हाला."

मला हसू आलं नाही. त्यांना पुन्हा बसवलं. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.)

फोन, पाकीट, बॅग हरवल्याची स्वप्नं फार जणांना पडतात. त्यावर समाज माध्यमांवर जे चालतं त्याचा मला मनापासून राग येतो. पाकीट हरवलं तर धनलाभ, बॅग हरवली तर प्रवासयोग, असं छातीठोक सांगणारे आहेतच. पण मानसशास्त्राची भाषा वापरून तेच करणारेही कमी नाहीत. फोन म्हणजे ओळख, पाकीट म्हणजे पत, सामान म्हणजे मनावरचं ओझं; हरवलं म्हणजे तुमचा आयुष्यावरचा ताबा सुटतोय! आमच्याकडे शिकायला येणारी मुलंसुद्धा दोन मिनिटांत हा निकाल देऊन मोकळी होतात. हे प्रत्येकाला थोडंफार लागू पडतं, म्हणून खरं वाटतं.

मी आधी विचारते ते साधंच असतं: हरवलं की चोरलं? कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली स्वप्नांतला मजकूर मोजायची जी पद्धत मांडली, तिच्यात या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत जातात. कोणी हिसकावून नेलं तर ते आक्रमण. आपोआप हरवलं, पडलं, मोडलं तर ती आपत्ती, जिच्यामागे कोणी माणूस नाही. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक पुढच्या बोलण्याची दिशा ठरवतो. चोरी झाली असेल तर दिवसा कोणावर तरी राग आहे का, हे मी चाचपते. हरवलं असेल तर दिवसा कसली काळजी चालू आहे, ते. हॉल यांचं म्हणणं होतं की जागेपणी डोक्यात जे घोळतं तेच स्वप्नात पुढे चालू राहतं. सगळ्या स्वप्नांना ते लागू होत नाही, पण पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्वप्नाकडे पाहायला मला याहून भरवशाची सुरुवात सापडलेली नाही.

ताईंचं स्वप्न चोरीचं नव्हतं. मी त्यांना ते चालू काळात सांगायला लावलं, "होते, होती" नाही, "आहे, आहे" असं. आणि शब्दाला शब्द लिहून घेतलं. "मी दादरच्या पुलावर आहे. गर्दी आहे. पर्समध्ये हात घालते तर फोन नाही. मी खाली उतरत नाही, तिथेच उभी राहते. सासरे येतात, म्हणतात ओटीपी सांग. मुलगा येतो, म्हणतो लॉगिनचा ओटीपी आलाय. बँकेतला एक माणूस येतो. मी म्हणते फोनच नाही. ते जातात. बराच वेळ कोणी येत नाही. मग एक पोरगा धावत येतो, काकू, हा तुमचाच ना? फोन हातात देतो. आणि मला जाग येते."

इथे घाई करून उपयोग नसतो. मी कागदावर एक आडवी रेघ मारली, तिच्यावर प्रसंगांच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी छातीत किती धडधडत होतं, ते दहापैकी सांगायला लावलं. फोन नाही हे कळतं तेव्हा? "चार." सासरे ओटीपी मागतात? "सहा." ते निघून जातात? "दोन." कोणी येत नाही? बराच वेळ थांबून, "एक. शून्यच म्हणा." पोरगा फोन देतो? "नऊ."

तो आकडा त्यांच्याच तोंडून आला आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे मला हरवल्याची भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मिळाल्याची वाटते."

हरवलं म्हणजे ताबा सुटला, हे सूत्र इथे पार उलटं पडतं. मी मुद्दामच काही अर्थ सांगितला नाही. फक्त एवढं विचारलं की तुमच्या फोनवर कोणाकोणाचं काय काय येतं?

यादी करायला बसलो आणि पान भरलं. नवरा मस्कतला, त्याच्या इथल्या बँक खात्याला जोडलेला नंबर ताईंचा. सासऱ्यांची पेन्शन, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, आधार, सगळं ताईंच्या नंबरला जोडलेलं. मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाचं लॉगिन. माहेरी आईच्या औषधांची मागणी आणि तिचा विमा. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब. गॅस. चार माणसांची सरकारदरबारची ओळख या एका बाईच्या उशाशी रात्रभर चार्जिंगला लावलेली. आणि त्या पानावर त्यांचं स्वतःचं काय होतं? एक बचतगटाचा ग्रुप आणि बहिणीचे फोन.

एका माणसावर एवढं सगळं ढकलणारी जी व्यवस्था आपण उभी केली आहे तिच्याबद्दल मला तीव्रपणे वाटतं. घरातल्या पुरुषांना "मला ते जमत नाही" म्हणण्याची मुभा असते आणि बाईला नसते, हेही मी रोज पाहते. सासरे चांगले शिकलेले, निवृत्त अधिकारी. रोज क्रिकेटचे व्हिडिओ बघायला फोन जमतो, ओटीपी वाचायला जमत नाही.

ताईंना मी विचारलं की बराच वेळ कोणी येत नाही, तिथे शून्य आहे, तिथे नेमकं कसं वाटतं? त्या म्हणाल्या, "छान वाटतं. वारा लागतो. आणि मग वाटतं, आता मला शोधायला कोण येणार?"

या वाक्यापाशी मी अजून अडकलेली आहे. मोकळं वाटणं आणि कोणाला आपली गरज नसणं, दोन्ही एकाच पुलावर उभं. माणूस ज्याच्या ओझ्याने वाकतो, त्याच ओझ्याने घरात त्याची जागा ठरलेली असते. फोन परत हातात आला की ओझंही परत आणि जागाही परत. नवाचा आकडा यातल्या कशाचा होता, हे मी विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण कोणी रोज जिवंत, ठसठशीत स्वप्नं सांगितली की औषधांची यादी मागायची, हा माझा नेम आहे, आणि दुःख असं की बरेच समुपदेशक ती मागत नाहीत. ताईंना अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू होतं. रक्तदाबाच्या, धडधडीच्या रुग्णांना आणि अर्धशिशी रोखायला हे औषध सर्रास देतात. ते मेंदूत सहज शिरतं आणि काही जणांना त्याने फार स्पष्ट किंवा भीतिदायक स्वप्नं पडतात. ताईंना फोनचं स्वप्न आधीही अधूनमधून पडायचं, पण रोज पडून जाग यायला लागली ती गोळी सुरू झाल्यानंतर. गोळी द्यायच्या वेळी त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी चिठ्ठी लिहून त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं आणि बजावलं की गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. तसं केलं तर धडधड आणि रक्तदाब उसळू शकतो. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करून दुसरं औषध दिलं.

त्याच काळात आम्ही स्वप्न बदलायचा सरावही सुरू केला होता. पद्धत सोपी आहे. जागेपणी, दिवसाउजेडी, स्वप्न लिहून काढायचं. मग ते आपल्याला हवं तसं बदलून लिहायचं. आणि ते नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्रॅकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांवर ती वापरून पाहिली आणि 2001 साली निष्कर्ष छापले. त्यांची वाईट स्वप्नं घटली, झोप सुधारली. बदल काय करायचा हे मात्र स्वप्न पडणाऱ्यानेच ठरवायचं असतं. मी सुचवलं असतं तर "फोन पर्समध्येच होता" असं काहीतरी सुचवलं असतं. ताईंनी लिहिलं: पोरगा फोन देतो, मी तो सासऱ्यांच्या हातात देते आणि म्हणते, तुमचा आलाय, तुम्हीच वाचा.

दोन्ही गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्यामुळे श्रेय कोणाचं, हे सांगता येत नाही. डोकेदुखीमुळे थांबायला वेळ नव्हता, म्हणून एकेक करून बघणं शक्य नव्हतं. स्वप्न रोजचं राहिलं नाही, पहाटेची झोप परत आली. आमच्याकडचे मानसोपचारतज्ज्ञ फाइल बघून म्हणाले, "औषधाचा परिणाम होता, औषध बदललं, केस संपली." मला ते पटलेलं नाही. प्रोप्रॅनोलॉलने स्वप्नाचा आवाज वाढवला असेल. पहाटेच्या वेळी तशीही स्वप्नाची झोप जास्त असते, तेव्हा साडेचारची जागही समजते. पण तीच गोळी घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला साप दिसतील, परीक्षेचा पेपर दिसेल. दादरचा पूल आणि ओटीपी मागणारे सासरे गोळीतून येत नाहीत. उलट बाजूने, मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात ते टाळताही येत नाही: गोळी नसती तर ही बाई ते स्वप्न सकाळी विसरून चहाला लागली असती, आणि ती यादी कोणी केलीच नसती.

यादीचं काम चालू आहे. मुलाने स्वतःचं लॉगिन आपल्या नंबरवर घेतलं, त्याला एक संध्याकाळ लागली. नवऱ्याने सुट्टीवर आल्यावर खात्याचा नंबर बदलायचं कबूल केलं आहे. सासऱ्यांचं अडलं आहे. त्यांच्या खात्याचा नंबर बदलायला त्यांना स्वतः शाखेत जावं लागतं आणि ते म्हणतात, "चाललंय ना नीट, कशाला बदलायचं?" ताईंनी त्यांना न विचारता एक तारीख ठरवली आहे आणि रिक्षाही सांगून ठेवली आहे. मागच्या भेटीत मी विचारलं, ते तयार झाले तर कसं वाटेल, दहापैकी? त्या म्हणाल्या, "तीन." आणि जिना उतरायच्या आधी परत आत येऊन म्हणाल्या, "पाच लिहा."