हिरव्या टिकेमागे काय होतं

गिरगावातल्या एका सीए ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. 26 सप्टेंबरला सकाळी मॅडमचा फोन आला. "एकही फाइल उघडत नाहीये. नावांच्या शेवटी काहीतरी भलतंच लागलंय." टॅक्स ऑडिटची मुदत 30 ला. मी म्हटलं, "आधी राउटर आणि स्विच दोन्हींचे प्लग काढा. मी निघालोच."

रॅन्समवेअर होतं, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. सर्व्हरवरचा डेटा गेला, सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. ती जोडलेली होती म्हणूनच गेली.

"पण क्लाउडवर आहे ना सगळं?" मॅडमनी विचारलं. खरी भीती मला त्याचीच होती. ऑफिसचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी सिंक होत असे, आणि सिंकला चांगली फाइल कोणती, बिघडलेली कोणती, हे कळत नाही. बदल दिसला की तो वर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. लॉक झालेल्या फाइलींवरही 'वर पोचली' असं सांगणारी हिरवी टिक होती. आदल्या रात्री हजारो फाइली एकदम वर गेल्या होत्या, तीच खरी खूण. पण रात्री बघणार कोण?

माझ्या लॅपटॉपवर, फोनच्या नेटवरून, ब्राउझरमध्ये खातं उघडलं. नाव बदलताना मूळ फाइली डिलीट झाल्या होत्या आणि त्या ट्रॅशमध्ये सापडल्या. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते. हा प्रकार दीड महिन्याने लक्षात आला असता तर तिथे काहीच उरलं नसतं.

पुढची अडचण वेळेची. डेटा 180 जीबी, लाइन 50 एमबीपीएसची. अडथळा न येता उतरला तरी आठ तास. म्हणून ज्यांचं ऑडिट बाकी होतं त्या अशिलांचे फोल्डर आधी घेतले, तेही नव्याने विंडोज टाकलेल्या मशीनवर. ते पाऊण तासात आले.

टॅलीचा डेटा मात्र क्लाउडवर नव्हताच. चालू टॅलीचं फोल्डर सिंकला लावलं तर अर्धवट लिहिलेल्या फाइली वर जाऊन डेटा बिघडू शकतो, म्हणून मीच तो लावू दिला नव्हता. त्याचा शुक्रवारचा बॅकअप मॅडमच्या बोरिवलीच्या घरी, कपाटातल्या डिस्कवर होता. त्यांचे यजमान ती लोकलने घेऊन आले. मधल्या दिवसांच्या एंट्र्या ऑफिसातल्या मुलींनी बिलं समोर ठेवून पुन्हा केल्या.

खर्चावरून आमची पूर्वी चर्चा झाली होती. क्लाउडचे पैसे दरवर्षी भरायचे, तर डिस्कचे एकदाच, मग दोन्ही कशाला, असं मॅडम म्हणत. आता त्यांनी स्वतःच दुसरी डिस्क मागवली. एक शुक्रवारी घरी जाते, तेव्हा दुसरी ऑफिसात येते, आणि कॉपी झाली की तिची केबल काढली जाते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जातो आणि घरून आलेल्या डिस्कवरचं कुठल्याही एका अशिलाचं फोल्डर उघडून बघतो.