रॅम वर जाताना काटा लाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सुताच्या कचऱ्याच्या गाठी बांधायचा हायड्रॉलिक प्रेस आहे. त्याच्या तेलाची दिशा बदलणाऱ्या डायरेक्शनल व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, वारंवार अडकायचा. काढून पाहिलं तर स्पूलवर उभे ओरखडे होते, म्हणजे तेलात कण फिरत होते. टाकीकडे परत जाणाऱ्या तेलाचा, म्हणजे रिटर्न लाइनचा फिल्टर मात्र नुकताच बदललेला. आधी १० मायक्रॉनचा कागदी होता. मालकांनी 'बारीक बरा' म्हणून ५ मायक्रॉनचा बसवला आणि त्रास वाढला.

मी तासभर फक्त फिल्टरवरच्या गेजकडे बघत उभा राहिलो. रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा भाग, खाली येताना काटा हिरव्यात असायचा. वर जायला लागला की थेट लाल. पंप मिनिटाला ६० लिटरचा, आणि फिल्टरही तेवढ्याचाच. पण सिलिंडरचा बोअर १६०, रॉड ११० मिलिमीटर. रॅम वर जाताना तेल रॉडच्या बाजूला शिरतं आणि पूर्ण बोअरचं तेल टाकीकडे परत येतं. क्षेत्रफळांचं गुणोत्तर १.९, म्हणजे फिल्टरमधून ११४ लिटर. पुरवठादार पंपाचे लिटर बघून फिल्टर देऊन टाकतात, सिलिंडरकडे कोणी बघत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

फिल्टरवर दाब फार वाढला की तेलाला बाजूने वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह १.७ बारचा होता. ५ मायक्रॉनच्या एलिमेंटवर दाबाचा फरक जास्त पडतो, म्हणून दर फेरीला बायपास उघडायचा आणि तेल न गाळताच टाकीत जायचं. डिसेंबरच्या सकाळी ४६ नंबरचं तेल तिप्पट-चौपट घट्ट असतं, तेव्हा तर विचारूच नका.

फिटर म्हणाला, "साहेब, स्प्रिंगखाली वॉशर टाकू का? उघडणारच नाही." मी सरळ नाही म्हटलं. बायपास आवळला की तोच दाब एलिमेंटवर येतो, घड्या चेपतात, फाटतात आणि साठलेली सगळी घाण एकदम सुटते.

पाकिटावरच्या मायक्रॉनला बीटा जोडल्याशिवाय अर्थ नाही. बीटा म्हणजे फिल्टरमध्ये येणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या कणांचं गुणोत्तर. १० मायक्रॉनला बीटा २ असेल तर त्याहून मोठे २०,००० कण आल्यावर १०,००० पुढे जातात. बीटा २०० असेल तर १००. त्या कागदी फिल्टरच्या पाकिटावर बीटाच नव्हता. मी १० मायक्रॉन, बीटा २०० चं काचतंतूचं एलिमेंट घेतलं, पण तिप्पट क्षेत्रफळाच्या हाउसिंगमध्ये. हिशेबाने थंड तेलातही फरक ०.८ बारच्या आसपास येत होता. बायपास १.७ वरच ठेवला, इंडिकेटर १.२ ला, म्हणजे बायपास उघडायच्या आधी एलिमेंट बदलायला वेळ मिळतो.

मालक म्हणाले, "५ काढून १० लावताय, आणि पैसे जास्त?" मी त्यांना रॅम वर जाताना गेज दाखवला. काटा हिरव्यातच होता.

स्पूल आता अडकत नाही. पण इतके महिने तेच तेल पंपातून फिरलं. पंप आतून किती झिजलाय ते कळावं म्हणून केस ड्रेनची, म्हणजे पंपाच्या आतून झिरपून बाहेर येणाऱ्या तेलाची गळती मोजायला मी सांगितलंय, ती अजून मोजलेली नाही.