पोफळीवरचे पांढरे डाग

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, फोन आला : "साहेब, पोफळींच्या अंगावर पांढरा रोग आलाय, झाडं सुकायला लागलीत." मी कृषी सल्ल्याचं काम करतो. पोहोचलो तेव्हा काकांनी काथ्याच्या चोथ्याने वीसेक पोफळी खरवडून काढल्या होत्या आणि बादलीत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तयार होतं. "जिथे डाग जास्त, तिथेच झाड अशक्त," काका म्हणाले. ही गोष्ट खरी होती, आणि तिनेच मला तासभर चकवलं.

न खरवडलेल्या पोफळीपाशी बसलो. खोडावर राखाडी-पांढरे, रुपयाएवढे ते तळहाताएवढे डाग होते. नखाने कड उचलू पाहिली, उचलली जाईना. डाग सालीतच मुरलेला. दहापट भिंगातून त्यावर काळ्या, वळवळीत बारीक रेघा दिसल्या, कुणी मोडीत काही गिरवावं तशा. हा ग्राफिस, म्हणजे खपलीसारखा वाढणारा लायकेन, बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव. त्या रेघा म्हणजे त्यातल्या बुरशीची बीजाणूंची घरं. काही ठिकाणी दोन डाग भिडत होते आणि मध्ये नकाशातल्या सीमेसारखी काळी रेघ होती. रोगाचे डाग एकमेकांत मिसळत जातात. इथे प्रत्येकाने आपली हद्द आखलेली.

थोडं वर, उजेडाच्या बाजूला, दुसरा प्रकार होता : राखाडी, पाकळ्यापाकळ्यांचा. कडेखाली सुरीचं टोक घातलं तर पातळ पापुद्रा उचलला गेला, खालची बाजू काळी निघाली. काकींना दाखवलं तेव्हा त्या हसल्या, "हे तर मसाल्यातलं दगडफूल!" नेमकं तेच नव्हे, पण त्याच घडणीचं, पानासारखं वाढणारं. तिसरी घडण, एका बिंदूतून झुडपासारखी उभी राहणारी किंवा दाढीसारखी लोंबणारी, त्या कुळागरात मला सापडली नाही.

दोन्ही डागांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. पानासारख्यावर मिनिटभरात हिरवी झाक आली. वरचा थर भिजून पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. शैवाल उजेडावर अन्न करतं. पोफळीकडून हवी असते ती फक्त बसायला जागा.

इथे मी जरा जास्तच आत्मविश्वासाने बोललो. बुंध्याशी पांढरट हिरव्या, मऊ गाद्या होत्या. त्यांवरही पाणी टाकलं, त्या हिरव्या झाल्या, आणि मी "हाही लायकेनच" म्हणून मोकळा झालो. भिंग तेव्हा काकांच्या सुनेच्या हातात होतं. "भाऊ, याला पानं आहेत."

होतीच. बारीक देठाभोवती दाट लागलेली, जाड, टोकदार पानं. हे मॉस होतं, ऑक्टोब्लेफॅरम. आपल्याकडे माडा-पोफळींवर नेहमी दिसतं. त्याच्या पानांत रिकाम्या, मृत पेशींचे थर असतात, म्हणून कोरडं असताना ते पांढरट दिसतं. पाणी भरलं की मधल्या हिरव्या पेशींचा रंग उमटतो. म्हणजे पाण्याच्या परीक्षेत दोघंही पास. फरक पानाचा : मॉसला देठ आणि पानं असतात, लायकेनला दोन्ही नसतात, दिसायला तो कितीही पानासारखा असो.

शेजारच्या खोडावरचा नारिंगी थर बोटाला लागून आला. तो मॉस नव्हे आणि लायकेनही नव्हे; ते ट्रेंटेपोहलिया नावाचं मोकळं शैवाल. गंमत म्हणजे ग्राफिसच्या पोटात राहतं तेही याच जातकुळीतलं. म्हणून ग्राफिस खरवडला की आतून बहुधा स्वच्छ हिरवा नव्हे, पिवळसर रंग निघतो. काकांनी तोच पिवळा बघून "आत कुजलंय" असं ठरवलं होतं.

पण मग अशक्त झाडंच डागाळलेली का? मी पोफळीभोवती फिरलो. पानासारखे लायकेन सर्वांत दाट होते ते नैर्ऋत्येला, आणि त्याच बाजूला खोडाची साल सोनेरी-तपकिरी होऊन उभी चिरली होती.

"इकडे काही होतं का?"

"फणस होता. तीन वर्षांपूर्वी तोडला."

पावसानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारचं ऊन त्या बाजूने आडवं येतं. फणस होता तोवर ते अडत होतं. आता त्याच उन्हाने साल भाजली, आणि त्याच उजेडाने लायकेनचं फावलं. झाडाला अशक्त लायकेनने केलं नव्हतं; दोघांचं मूळ त्या तोडलेल्या फणसात होतं. खरवडलेल्या झाडांची मात्र भाजलेली साल आणखी सोलली गेली होती.

काकांनी बादली बाजूला सरकवली. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसातल्या फळकुजीसाठी, तिचा उपयोग पावसाच्या तोंडाशी, घोसांवर. आम्ही गळून पडलेल्या झावळ्यांच्या विऱ्या, म्हणजे बुडाची रुंद आवरणं, गोळा केल्या आणि नैर्ऋत्येच्या रांगेतल्या खोडांना, उन्हाच्या बाजूने, सुतळीने बांधल्या. बांधावर केळी लावायचं ठरलं. संध्याकाळी निघताना भिंग मागितलं, तर सून मागच्या गडग्यावरच्या जांभ्या दगडाशी वाकलेली. "भाऊ, पाच मिनिटं. इथे दोन्ही आहेत."