बुवांचा हात धडातून का जात होता

यंदा दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीत पडद्यावर कीर्तनकार बुवा उभे करायचे ठरलं. बुवा कार्डपेपरचे. मी धड, डोकं, दंड आणि कोपरापुढचे हात वेगवेगळे रंगवले, स्कॅन केले आणि दंडाची खीळ खांद्यावर, पुढच्या हाताची कोपरावर ठेवली. मोशन कॅप्चरचा सूट आमच्या वर्गणीत बसणारा नव्हता, म्हणून लॅपटॉपचा वेबकॅम आणि मीडियापाइप वापरलं. ते चित्रातल्या माणसाच्या शरीराचे ३३ बिंदू शोधून देतं. मला खांदे, कोपरं आणि मनगटं एवढे सहाच लागले. वेबकॅमपुढे उभे राहायला शेजारचे काका आले; त्यांचे हात हलतील तसे बुवांचे हलायचे. ते खरंच कीर्तन करतात.

कटआउटला फक्त कोन लागतो: खांद्यापासून कोपरापर्यंतची रेघ किती कलली आहे तो. पहिल्या दिवशी तोच चुकला. काकांनी हात ४५ अंशांत धरला की बुवांचा ५३ अंशांवर जाई. मीडियापाइप x आणि y दोन्ही ० ते १ मध्ये देतं, पण माझं चित्र ६४० बाय ४८० चं, म्हणजे दोन्हींची मापं वेगळी. कोन काढण्याआधी त्यांना रुंदी-उंचीने गुणायला हवं होतं.

मग खरा त्रास. काका उजवा हात बाजूने वर नेत, तो खांद्याच्या पातळीला आला की बुवांचा हात उलट्या बाजूने फिरून धडावरून जाई. "अरे, बुवांचा हात पोटातून कसा गेला?" काका म्हणाले. आकडे छापून पाहिल्यावर कळलं: तिथे कोन १७९ वरून थेट उणे १७९ होत होता. थरथर घालवायला मी सरासरी घेत होतो, आणि या दोघांची सरासरी येते शून्य, म्हणजे अगदी विरुद्ध दिशा. म्हणून सरासरी कोनाची न घेता फरकाची घेतली. खाली a खांदा, b कोपर, w आणि h चित्राची रुंदी-उंची, आणि juna आधीच्या फ्रेमचा कोन:

```python
x, y = (b.x - a.x) * w, (b.y - a.y) * h
kon = math.degrees(math.atan2(y, x))
farak = (kon - juna + 180) % 360 - 180
juna += 0.4 * farak
```

०.४ हा आकडा करून पाहूनच बसला. ०.१ ठेवल्यावर थरथर पार गेली, पण हात ९ फ्रेम, म्हणजे ०.३ सेकंद मागे पडायला लागला आणि चिपळ्यांचा ताल चुकला. पुढच्या हाताच्या कोनातून दंडाचा कोन वजा करायलाही विसरू नका, कारण तो दंडालाच जोडलेला असतो.

एक गोष्ट मात्र एका कॅमेऱ्याने सुटली नाही. काकांनी हात सरळ कॅमेऱ्याकडे केला की खांदा आणि कोपर जवळजवळ एकावर एक येतात, आणि इतक्या आखूड रेघेचा कोन वाटेल तसा उडतो. बिंदू किती नीट दिसतो ते सांगणारा मीडियापाइपचा `visibility` चा आकडा तेव्हाही चांगलाच दिसायचा, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. रेघ नेहमीच्या लांबीच्या पाव हिश्श्याहून लहान झाली की मी जुनाच कोन धरून ठेवतो. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांचं वेगळं चित्र काढलं. दोन्ही मनगटं जवळ आली की तेच पडद्यावर येतं. चिपळ्या काका आता छातीपुढे न धरता कानाशी धरतात.