जोडीतली दुसरी पाटली

सोलापुरातील एका बँकेत मी तारणाच्या सोन्याचे मूल्यांकन करतो. गेल्या उन्हाळ्यात यंत्रमागाच्या दुरुस्तीसाठी दीड लाख रुपये हवे असलेल्या एक काकू मुलासह आल्या आणि त्यांनी सासूबाईंच्या पाटल्यांचा जोड टेबलावर ठेवला. हॉलमार्क नसलेल्या त्या पाटल्यांचे वजन प्रत्येकी वीस ग्रॅम भरले; कसोटीच्या दगडावर दोन्हींचा कस उतरला आणि कॅरेटमीटरनेही दोन्हींना 22 कॅरेटच दाखवले.

मात्र कॅरेटमीटरला केवळ पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच दिसतात, म्हणून जुना, जाड दागिना मी दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून पुन्हा तोलतो. 22 कॅरेटच्या भरीव वीस ग्रॅम सोन्याचे वजन पाण्यात साधारण 1.1 ग्रॅमने घटते. पहिली पाटली तेवढीच घटली, दुसरी दीड ग्रॅमने. म्हणजे आत सोन्यापेक्षा हलके काहीतरी होते. पण ते तांबे, लाख की नुसती पोकळी, हे पाणी सांगत नाही. काकूंच्या लेखी संमतीने, त्यांच्यासमोरच आतल्या कडेला कानस लावली, तेव्हा पिवळ्या पत्र्याखाली लालसर तांबे दिसले.

“भाऊ, सासूबाईंनी फसवलं म्हणायचं का?” त्यांनी विचारले. बहुधा सासूबाईंनाही ठाऊक नसावे. घनतेवरून त्या पाटलीत तेरा ग्रॅमच्या आसपास सोने निघेल असा माझा हिशेब होता, पण अशा हिशेबावर बँक कर्ज देत नाही, आणि ते योग्यच आहे.

उरली एक पाटली. आदल्या दिवसाचा बंद भाव आणि मागील तीस दिवसांची सरासरी यांतला कमी असलेला भाव धरावा लागतो. समजायला सोपे जावे म्हणून तो ग्रॅमला 10,000 रुपये माना, म्हणजे मूल्य दोन लाख झाले. 1 एप्रिल 2026 पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, पण एकरकमी परतफेडीत ती मुद्दल अधिक मुदतीअखेरचे व्याज अशा एकूण रकमेला लागते. दहा टक्के दराने वर्षअखेर दीड लाखाचे 1,65,000 होतात आणि मर्यादा 1,70,000 ची, त्यामुळे काम निभावले.

मुलाला मात्र मी स्पष्ट सांगितले की, भाव अठरा टक्के उतरला तर दागिन्याची किंमत देय रकमेपेक्षा खाली जाईल आणि कर्ज थकले तर रीतसर नोटीस देऊन लिलाव होईल, तेव्हा शक्य तेवढे व्याज दरमहा भरत जा.

दुसरी पाटली आटवून तिची लगड तारण ठेवता येईल का, असे त्याने विचारले. लगडीवर कर्ज मिळत नाही. शुद्ध करून हॉलमार्कचा दागिना घडवावा किंवा विकून मोकळे व्हावे, एवढेच मी सुचवू शकलो.