अण्णाची वही

गुरुवार, रात्री उशिरा

कथेतला अण्णा बहिणीकडून जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून घेतो. कथानक म्हणायचं तर एवढंच. हा माणूस वाचकाला पटायला हवा, आणि पटल्यावर वाचकाला थोडी स्वतःचीच लाज वाटायला हवी. त्यावर आज दिवसभर डोकं चालवलं.

सोपी वाट म्हणजे त्याला दुःखी बालपण देणं. बाप मारायचा, शाळा सुटली, वगैरे. ती मी घेणार नाही. त्याने वाचकाला अण्णाची कीव येईल, पण त्याचं म्हणणं पटणार नाही. पटायचं तर त्याचा हिशोब खरा हवा. म्हणून अण्णाला एक वही दिली. १९९३ मध्ये सुमनचं लग्न, त्यासाठी विकलेली बैलजोडी. २००३ मध्ये वडील गेले, त्यांच्या आजारपणाचा खर्च. मग विहीर खोल केली, पाइपलाइन टाकली, ठिबक केलं. सांगोल्याकडचा माणूस, त्यामुळे डाळिंब आलंच. बागेवर तेल्या पडला, झाडं उपटून जाळली, सोसायटीचं कर्ज मात्र राहिलं. वहीतली एकही नोंद खोटी नाही.

आणि तो इतकी वर्षं प्रामाणिकपणे समजत होता की जमीन आपली. २००५ मध्ये कायदा बदलला, मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीने वाटेकरी झाली. पण बाप त्याआधीच वारलेला असेल तर काय, यावर कोर्टांत वेगवेगळे निकाल येत होते. गावात अर्थातच भावांच्या सोयीचा अर्थ चालला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदा बदलला तेव्हा बाप हयात असण्याची गरज नाही. अण्णाच्या जागी बसून ही बातमी ऐकली तर ती घरात दरोडा पडल्यासारखीच लागते. ज्या मातीत त्याने कर्ज पुरलं, तिचा एक वाटा रातोरात दुसऱ्याचा! त्यात विहीर मेहुण्याच्या वाट्याला गेली तर? त्याची ही भीती मी खरी ठेवली आहे. मेहुणा खरंच जमीन विकायला टपलेला आहे.

आता वहीत काय नाही? दहावीआधी शाळा सोडवून सुमनला रानात लावली होती. ज्वारीची खुरपणी, जनावरांची वैरण, विहिरीवरून पाणी. घरच्या माणसाची मजुरी कोण लिहितं? अण्णानेही ती लपवलेली नाही, त्याला ती दिसलेलीच नाही. हे मी कुठे सांगणार नाही. एका प्रसंगात बाहेरची बाई खुरपायला येते, अण्णा तिचा रोज वहीत टिपतो, आणि सुमन चहा घेऊन शेजारी उभी असते. बस. ज्याला कळायचं त्याला कळेल.

निबंधक कार्यालयाच्या प्रसंगावर सर्वांत जास्त वेळ गेला. "वारस नोंदीसाठी सही लागते," असं खोटं सांगून तो अंगठा घेतो, असंही करता आलं असतं, घडतंही तसं. पण खोटं बोलला की वाचकाची सुटका होते. हा लबाड, आपण नाही! म्हणून माझा अण्णा सगळं खरं सांगतो. "हक्कसोड आहे सुमे, नीट वाचून घे." फक्त तो हे भाऊबीजेच्या ताटावर, आईसमोर, चुलत्यांसमोर सांगतो. तिथे नाही म्हणणं म्हणजे माहेर तोडणं, हे त्याला माहीत आहे. त्याचा गुन्हा एवढाच: जागा आणि वेळ त्याने निवडली. नंतर कार्यालयात फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, आणि "राजीखुशीने देताय ना?" हा प्रश्न. ती हो म्हणते.

एक कसोटी लावून पाहिली. भाऊबीजेचा प्रसंग सुमनच्या बाजूने पुन्हा लिहिला. अट अशी की एकही घटना, एकही वाक्य बदलायचं नाही, फक्त नजर बदलायची. जिथे मला काही बदलावंसं वाटतं, तिथे मी अण्णाला झुकतं माप दिलेलं असतं. दोन जागा सापडल्या. एका ठिकाणी सुमन उगाच नवऱ्याच्या तालावर नाचणारी झाली होती. तिला मूर्ख केलं की अण्णा आपोआप शहाणा दिसतो, आणि ती सहानुभूती फुकटची. दुसरीकडे अण्णा स्वतःच्या बाजूने अर्धं पान भाषण करत होता. ते सगळं काढलं. स्वतःला बरोबर समजणारा माणूस वकिली करत नाही, तो चिडून "जेव आधी" म्हणतो.

आईचं मात्र अडलंय. ती अण्णाची बाजू घेईल तर तोल जातो, गप्प बसली तर नाटकी वाटतं. सध्या तिच्या तोंडी एवढंच घातलंय: "मीबी माझ्या भावाला लिहून दिलंच होतं की." हे ती सुमनला समजावायला म्हणते की अण्णाला सुनवायला, ते उद्या बघू.