ताणा गिरणीचा, बाणा घरचा

जुनी कापडं तपासून त्यांची नोंद करणं आणि ती टिकवणं हे माझं काम. मागच्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या एका आजींनी घरातलं जुनं पांघरूण संग्रहालयाला दिलं. "माह्या सासऱ्याच्या आज्यानं इणलं बाई. सूतबी घरचंच," त्या म्हणाल्या. नोंदवहीत 'हातसूत, हातमाग, जाडंभरडं' असं लिहिलं गेलं. माझ्याकडे ते आलं ते फक्त कसर लागली आहे का पाहायला.

भिंगाखाली बाणा अगदी अपेक्षेप्रमाणे दिसला. आडवा धागा कुठे जाड, कुठे केसासारखा, पीळही कमीजास्त, मध्येच सरकीचा काळा कण. आखूड धाग्याचा देशी कापूस चरख्यावर कातला की असंच होतं. पण ताणा वेगळाच होता. फाटक्या कडेचा एक उभा धागा सुईनं उकलला, तर टोकापासून टोकापर्यंत एकसारखी जाडी, एकसारखा पीळ. शेजारचे चार उकलले, तेही तसेच. ते गिरणीचं सूत होतं. काठाला मात्र पन्हं ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची भोकं रांगेनं होती आणि फणीचा ठोकाही असमान होता, म्हणजे विणलं हातमागावरच.

याचं कारण मागावर बसलेल्या कुणालाही कळेल. उभ्या धाग्यांना सतत ताण असतो, फणी त्यांच्यावर दिवसभर घासते. हातसूत तिथं तुटतं, खळ जास्त द्यावी लागते, दर तुटीला माग थांबवून गाठ मारावी लागते. गिरणीच्या सुताच्या लडी बाजारात स्वस्त मिळू लागल्यावर विणकरानं आधी ताणा बदलला. बाण्याला ताण कमी, म्हणून घरचं सूत तिथं आणखी काही वर्षं टिकलं.

आमच्या दालनातल्या फलकावर एक वाक्य आहे: 'विलायती कापडानं विणकर संपवला.' ते मला कधीच पटलं नाही. पहिला घाव विणकरावर नव्हता, कातणारीवर होता. एका मागाला सूत पुरवायला अनेक चरखे लागत, आणि ते गावातल्या बायका चालवत, विधवा, म्हाताऱ्या, शेतीचं काम नसलेल्या दिवसांत सगळ्याच. त्यांची ती रोकड कमाई गेली आणि तिची जागा घेणारं गावात काहीच आलं नाही. विणकराला मात्र स्वस्त सुतानं काही काळ हातच दिला. नागपूर, उमरेडचे कोष्टी रेशीमकाठी लुगडी विणत राहिले. रुंद काठ आणि पदर विणणं यंत्राला परवडत नव्हतं, साधं पांढरं कापड परवडत होतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तीच गाडी इथला कापूस मुंबई बंदराकडे न्यायची आणि मँचेस्टरचं कापड घेऊन यायची. जाडंभरडं विणणाऱ्यांचं गिऱ्हाईक गावातलंच, शेतकरी आणि मजूर. ते कापड विणणाऱ्यांत महार मोठ्या संख्येनं होते. आजींचं घर त्यांतलंच.

दुसऱ्या दिवशी मी आजींना फोन करून सांगितलं, की उभं सूत गिरणीचं आहे. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "असंल. मंग तो आजाबी गिरणीतच गेला ना. पन सूतखात्यात. साच्यावर त्याले कोन घेते?"

हे मी वाचलेलं होतं, पण एखाद्या घराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली. साच्यावर, म्हणजे गिरणीच्या यंत्रमागावर, बाण्याचं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीचे कामगार हातात घेत नसत. म्हणून मुंबईच्या आणि नागपूरच्या गिरण्यांत विणाईखातं, जिथं मजुरी जास्त होती, दलितांना बंद राहिलं. १९२८ च्या मुंबईच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला, तोवर अर्धं शतक उलटलं होतं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग होता, त्याला यंत्राच्या मागाला हात लावू दिला नाही. हे विलायतेतल्या लँकेशायरनं केलं नाही, आपण केलं. फलकावरच्या वाक्यात ते कुठेच नाही.

नोंद मी दुरुस्त केली आहे: ताणा गिरणीचा, बाणा हातकताईचा, वीण हातमागाची. 'बनवणारा' या रकान्यात आजींच्या घरचं नाव होतं, त्याखाली मी 'सूत कातणाऱ्या स्त्रिया, नावं अज्ञात' अशी ओळ घातली. वरिष्ठांचं म्हणणं, रकान्यात एकच नाव बसतं. फलकासाठी मी लिहिलेला धोट्याचा मजकूर 'कापडाशी संबंधित नाही' म्हणून परत आला आहे. तो मी पुन्हा पाठवते आहे, या वेळी भिंगातून काढलेल्या ताण्याच्या आणि बाण्याच्या छायाचित्रांसह.